नळीत हायड्रोजन एकटा नसतो

मॅग्नेशियमच्या फितीचा चार सेंटिमीटरचा तुकडा, थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल, पाण्याने भरलेली एक अंकित काचनळी, एक तापमापी आणि भिंतीवरचा बॅरोमीटर. एवढ्या सामानावर मॅग्नेशियमचा अणुभार काढता येतो. पुस्तकात तो २४.३ दिलेला असतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग मन लावून केला, वजन नीट केले, नळीवरचे आकडे नीट वाचले, तरी अनेकांचे उत्तर २३.४ येते. कोणी २२.८ काढतो, कोणी थेट २२. चुका गणितात नसतात, हातातही नसतात. नळीत साठलेला वायू फक्त हायड्रोजन आहे, असे मनात धरलेले असते आणि तिथेच हिशेब बिघडतो.

त्या नळीत हायड्रोजनबरोबर पाण्याची वाफही असते. ती दिसत नाही, तिला वास नाही, आणि तिला बाहेर काढण्याचा सोपा मार्गही नाही. पण तिचा वाटा किती, हे तापमापीवरच्या एका आकड्यावरून अचूक सांगता येते. पाण्यावर वायू गोळा करण्याच्या जुन्या पद्धतीला आजही प्रयोगशाळेत जागा आहे ती त्यामुळेच.

ही पद्धत जवळपास तीनशे वर्षांची आहे. इंग्लंडमधला धर्मोपदेशक स्टीफन हेल्स याने १७२७ साली वनस्पतींवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पदार्थ तापवून निघणारी ‘हवा’ त्याने नळीतून नेऊन पाण्याने भरलेल्या उपड्या भांड्यात साठवली होती. वायू वर चढतो, पाणी खाली सरकते, आणि जेवढे पाणी सरकले तेवढा वायू जमला. वायू हातात धरता येत नाही आणि उघड्या भांड्यात ठेवता येत नाही, ही अडचण त्याने पाण्याच्या मदतीने सोडवली. पुढे १७६६ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने जस्त, लोखंड आणि कथील यांच्यावर आम्ल ओतून निघणारी ‘ज्वालाग्राही हवा’ याच रीतीने गोळा करून मोजली. तोच आपला हायड्रोजन.

साठवण्याचा प्रश्न सुटला, पण साठवलेले नेमके किती, हे सांगायला आणखी एक गोष्ट कळायला हवी होती. ती जॉन डाल्टनने सांगितली. अणुसिद्धान्तामुळे त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या आधी आणि त्या नंतरही तो मनापासून हवामानाचा अभ्यासक होता. १७८७ मध्ये त्याने हवामानाची रोजनिशी लिहायला घेतली आणि १८४४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती चालू ठेवली. हवेत पाण्याची वाफ कशी राहते, हा त्याला छळणारा प्रश्न होता. वाफ हवेत मीठ विरघळते तशी विरघळते, असे तेव्हा अनेकांचे मत होते. डाल्टनने बॅरोमीटरच्या नळीत पाऱ्याच्या वरच्या पोकळीत थोडे पाणी सोडले आणि पारा किती खाली दबतो ते वेगवेगळ्या तापमानांना पाहिले. मग त्याने जागा पोकळ न ठेवता तिथे कोरडी हवा असतानाही पाहिले. वाफेने टाकलेली दाबाची भर दोन्ही वेळा सारखीच निघाली. वाफेला हवेची फिकीर नव्हती. प्रत्येक वायू भांड्यात जणू एकटाच असल्यासारखा दाब देतो आणि एकूण दाब म्हणजे या सगळ्या दाबांची बेरीज, हा आंशिक दाबांचा नियम त्याने १८०१ मध्ये मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे मांडला.

या नियमात पाण्याची एक खास गोष्ट दडलेली आहे. बंद जागेत पाणी असले की काही रेणू पाण्यातून वर उडतात, काही परत पाण्यात येतात. थोड्या वेळाने जाणारे आणि येणारे सारखे होतात. तेव्हा वाफेचा जो दाब असतो तो संपृक्त बाष्पदाब. पाणी किती आहे, वरची जागा किती मोठी आहे, तिथे दुसरा कोणता वायू आहे, बाहेर वातावरणाचा दाब किती आहे, यांतल्या कशावरही तो अवलंबून नसतो. अवलंबून असतो तो फक्त तापमानावर. २० अंश सेल्सिअसला तो पाऱ्याचे १७.५ मिलिमीटर असतो, २७ अंशांना २६.७, ३० अंशांना ३१.८, ३५ अंशांना ४२.२. तापमानाबरोबर तो सरळ रेषेत वाढत नाही, झपाट्याने वाढतो, आणि १०० अंशांना ७६० वर पोचतो. समुद्रकाठी पाणी उकळते ते त्याच क्षणी.

आता पुन्हा मॅग्नेशियमकडे. प्रयोग पुण्यात, नोव्हेंबरातल्या एखाद्या दुपारी होतो आहे असे धरू. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण पुण्याच्या प्रयोगशाळेत खरोखर मिळतील असेच आहेत.

फितीवर करड्या रंगाचा ऑक्साइडचा थर असतो. तो आधी पॉलिशपेपरने घासून चकचकीत करावा लागतो. मग तुकड्याचे वजन. समजा ते ०.०४०० ग्रॅम भरले. तुकड्याची छोटी गुंडाळी करून ती तांब्याच्या बारीक तारेच्या पिंजऱ्यात अडकवायची. तांबे या आम्लाशी काही करत नाही, ते फक्त फितीला जागेवर धरून ठेवते. ५० मिलिलिटरच्या नळीत तळाशी दहाएक मिलिलिटर आम्ल घ्यायचे आणि त्यावर काठाने अगदी सावकाश पाणी ओतत नळी काठोकाठ भरायची. आम्ल पाण्यापेक्षा जड असल्यामुळे दोन थर बराच वेळ वेगळे राहतात. तोंडाशी पिंजरा टांगून भोकाचे रबरी बूच बसवायचे, भोकावर बोट ठेवून नळी उलटी करायची आणि पाण्याच्या चंचुपात्रात उभी करायची.

नळी उलटी झाली की आम्ल खाली उतरू लागते. ते पिंजऱ्यापर्यंत पोचले की बुडबुड्यांची रांग सुटते. मॅग्नेशियमच्या एका अणूमागे हायड्रोजनचा एक रेणू, असे हे सरळ नाते आहे: Mg + 2HCl → MgCl₂ + H₂. पाचेक मिनिटांत फीत संपते. घाई करणारा इथेच आकडा वाचतो. पण या क्रियेत उष्णता बाहेर पडते, नळी हाताला कोमट लागते, म्हणून ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी लागते. बाजूला चिकटलेले बुडबुडे टिचकी मारून वर पाठवावे लागतात. त्यानंतर तोंड बोटाने बंद करून नळी पाण्याच्या उंच मोजपात्रात न्यायची आणि आतली व बाहेरची पाण्याची पातळी एका रेषेत येईपर्यंत वरखाली करायची. पातळ्या जुळल्या की आतल्या वायूचा एकूण दाब बाहेरच्या हवेइतका झाला. आता वाचायचे: आकारमान ४५.० मिलिलिटर, पाण्याचे तापमान २७ अंश, बॅरोमीटर ७११ मिलिमीटर.

हे ७११ मिलिमीटर आतल्या सगळ्या वायूचे मिळून आहेत. २७ अंशांना पाण्याच्या वाफेचा वाटा २६.७. तो वजा केला की हायड्रोजनचा आंशिक दाब राहतो ६८४.३ मिलिमीटर.

इथे आदर्श वायूचे समीकरण कामाला येते: PV = nRT. दाब गुणिले आकारमान बरोबर मोलची संख्या गुणिले एक स्थिरांक गुणिले केल्विनमधले तापमान. दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये घेतले तर हा स्थिरांक ६२.३६ येतो. आपले तापमान २७ अंश म्हणजे ३००.१५ केल्विन, आणि आकारमान ०.०४५० लिटर. दाब आणि आकारमानाचा गुणाकार ३०.७९. स्थिरांक आणि तापमानाचा गुणाकार सुमारे १८,७१८. भागाकार केला की हायड्रोजनचे ०.००१६४५ मोल मिळतात. मॅग्नेशियमचेही तेवढेच मोल होते. म्हणून ०.०४०० ग्रॅम भागिले ०.००१६४५, उत्तर २४.३.

वाफ वजा करायला विसरलो असतो तर ६८४.३ ऐवजी ७११ धरले असते, मोल ०.००१७०९ आले असते आणि अणुभार २३.४. सुरुवातीला सांगितलेले चुकीचे उत्तर ते हेच.

एक प्रश्न इथे हमखास विचारला जातो. वाफेने जर दाबाचा थोडा भाग घेतला, तर तिने आकारमानाचाही भाग घेतला असेल. मग हायड्रोजनचे आकारमान ४५ मिलिलिटर कसे धरायचे? उत्तर डाल्टनच्याच नियमात आहे. हायड्रोजनचे रेणू नळीच्या एका कोपऱ्यात आणि वाफेचे दुसऱ्या कोपऱ्यात नसतात. दोन्ही सगळ्या ४५ मिलिलिटरभर पसरलेले असतात. जागा दोघांची एकच, दाब मात्र वाटून गेलेला. म्हणून समीकरणात आकारमान पूर्ण घालायचे आणि दाब फक्त त्या वायूचा. दोन्ही कमी केले तर एकच वजाबाकी दोनदा होते, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांमध्ये ही चूक विसरभोळेपणाइतकीच वारंवार दिसते. हाच वायू कोरड्या कॅल्शियम क्लोराइडवरून नेऊन वाफ काढून घेतली आणि दाब पुन्हा ७११ केला, तर आकारमान ४३.३ मिलिलिटर भरेल. कोरड्या वायूचे आकारमान असे वेगळे सांगायचे असते तेव्हा ते याच अर्थाने.

वाफेचा वाटा रेणूंच्या हिशेबात पावणेचार टक्के, म्हणजे शंभरात चारसुद्धा नाही. पण वजनाचा हिशेब केला तर चित्र पार बदलते. त्या नळीत हायड्रोजन आहे ३.३ मिलिग्रॅम आणि पाण्याची वाफ आहे १.२ मिलिग्रॅम. पाण्याचा एक रेणू हायड्रोजनच्या रेणूच्या नऊपट जड. म्हणून नळीतल्या वायूच्या एकूण वजनापैकी एक चतुर्थांशाहून जास्त वजन पाण्याचेच आहे. पाण्यावर गोळा केलेला हायड्रोजन वजन करून मोजायला गेलेला माणूस किती फसेल, याची कल्पना यावरून येते.

आता पुण्याच्या बॅरोमीटरबद्दल. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तिथे हवेचा खरा दाब पाऱ्याच्या ७१० मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे साधारण ९५० हेक्टोपास्कल. पण हवामानाच्या बातमीत किंवा मोबाइलवर पुण्याचा दाब पाहिला तर बहुतेक वेळा १००९ किंवा १०१० असा आकडा दिसतो. तो खोटा नसतो. तो समुद्रसपाटीवर उतरवून दाखवलेला दाब असतो. महाबळेश्वर, पुणे आणि मुंबई यांचे आकडे एका नकाशावर शेजारी ठेवून वारा कुठून कुठे वाहील हे पाहायचे, तर उंचीमुळे पडणारा फरक आधी काढून टाकावा लागतो, म्हणून हवामानखाते ही दुरुस्ती करते. नळीतल्या वायूला मात्र या दुरुस्तीशी काही देणेघेणे नाही. त्याच्यावर दाब आहे तो खोलीतल्या हवेचा.

भिंतीवरचा बॅरोमीटर बिघडलेला असला की विद्यार्थी मोबाइलवरचा आकडा घेतात. १००९ हेक्टोपास्कल म्हणजे ७५७ मिलिमीटर. त्यातून वाफेचे २६.७ नीट वजा केले तरी अणुभार येतो २२.८. वाफ वजा केली नाही तर २२.०. पाण्याची वाफ विसरल्याने झालेली चूक चार टक्क्यांची होती, चुकीच्या उंचीचा दाब घेतल्याची चूक सहा टक्क्यांहून मोठी आहे. मुंबईत तीच चूक दिसतही नाही, कारण तिथे दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच. त्यामुळे मुंबईत बिनचूक चाललेली कृती पुण्यात, नाशिकमध्ये किंवा महाबळेश्वरात हटकून चुकते.

उंचीचा दुसराही परिणाम आहे आणि तो जास्त विचार करायला लावणारा आहे. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो, पण वाफेचा वाटा तापमानावरच ठरत असल्यामुळे तो कमी होत नाही. म्हणून उंच आणि उष्ण ठिकाणी नळीतल्या वायूत पाण्याचे प्रमाण जास्त असते. २० अंशांच्या खोलीत, समुद्रसपाटीवर, वाफ एकूण दाबाच्या २.३ टक्के. पुण्यात मे महिन्यात प्रयोगशाळेतले पाणी ३५ अंशांवर गेले की तीच जवळजवळ ६ टक्के. थंड देशात लिहिलेल्या पुस्तकात ‘ही दुरुस्ती लहान आहे’ असे वाक्य असेल, तर ते त्या देशापुरतेच खरे मानावे.

याच गोष्टीचे टोकाचे उदाहरण एव्हरेस्टच्या माथ्यावर आहे. १९८१ च्या ऑक्टोबरात अमेरिकन वैद्यकीय मोहिमेतले डॉक्टर ख्रिस्तोफर पिझ्झो शिखरावर पोचले आणि त्यांनी तिथल्या हवेचा दाब मोजला: पाऱ्याचे २५३ मिलिमीटर. श्वासाबरोबर आत गेलेली हवा श्वासनलिकेच्या ओल्या भिंतींवरून जाते आणि शरीराच्या ३७ अंशांना वाफेने संपृक्त होते. ३७ अंशांना बाष्पदाब ४७ मिलिमीटर. तो समुद्रकाठीही ४७ आणि एव्हरेस्टवरही ४७. समुद्रकाठी ७६० मधून ४७ गेले तर फारसे जाणवत नाही. शिखरावर २५३ मधून ४७ गेले की २०६ उरतात, आणि त्यातले ऑक्सिजनचे एकवीस टक्के म्हणजे अवघे ४३ मिलिमीटर. समुद्रकाठी हाच आकडा १४९ असतो. शिखरावर फुप्फुसाकडे निघालेल्या हवेच्या दाबाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पाण्याच्या वाफेने घेतलेला असतो. गिर्यारोहकाच्या छातीतली आणि मॅग्नेशियमच्या नळीतली वजाबाकी एकच आहे.

प्रयोगाकडे परत येऊ, कारण त्यात चुका कशा ओळखायच्या हे शिकण्यासारखे आहे. मॅग्नेशियमचे उत्तर केवळ चुकले एवढेच सांगत नाही. ते कोणत्या बाजूला चुकले यावरून कारण शोधता येते. अणुभार २४.३ पेक्षा कमी आला तर अर्थ असा की हायड्रोजन खऱ्यापेक्षा जास्त मोजला गेला. वाफ विसरली असेल, समुद्रसपाटीचा दाब घेतला असेल, नळी उलटी करताना हवेचा बुडबुडा आत शिरला असेल, किंवा वायू निवण्याआधीच आकडा वाचला असेल. शेवटच्या चुकीत वाफ दुप्पट त्रास देते. आतला वायू २७ ऐवजी ३२ अंशांवर असेल तर तो तापून फुगतो हे सहज लक्षात येते, पण त्याच वेळी बाष्पदाबही २६.७ वरून ३५.७ वर चढलेला असतो आणि ती जादा वाफही जागा मागते. दोन्ही मिळून ४५.० च्या जागी ४६.४ मिलिलिटर वाचले जातात. पाच अंशांच्या घाईची किंमत तीन टक्के.

उत्तर २४.३ पेक्षा जास्त आले तर उलटे समजायचे: हायड्रोजन कमी जमला. फीत नीट घासली नसेल आणि वजनात ऑक्साइडही मोजला गेला असेल. ऑक्साइड आम्लात विरघळतो पण हायड्रोजन देत नाही. फितीचा तुकडा पिंजऱ्यातून सुटून आम्लापासून दूर गेला असेल. काही बुडबुडे नळीच्या तोंडाबाहेर पळाले असतील.

पातळी जुळवण्याबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण पुष्कळ ठिकाणी मोजपात्र पुरेसे उंच नसते आणि हा टप्पा गाळला जातो. नळीतले पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा वर उभे असेल तर बाहेरची हवा दोन ओझी पेलते आहे: आतला वायू आणि पाण्याचा तो स्तंभ. म्हणून आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, तेव्हा पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून तिला १३.६ ने भागले की किती कमी ते कळते. पाणी ६८ मिलिमीटर वर असेल तर आतला दाब ५ मिलिमीटरने कमी, म्हणजे ७११ ऐवजी ७०६; आणि वाफेचे २६.७ त्यातून पुन्हा वजा. पातळी जुळवता आली नाही तर निदान पट्टी घेऊन उंची मोजावी. न जुळवता आणि न मोजता केलेला प्रयोग मात्र दुरुस्त करता येत नाही.

समीकरणाचे नाव ‘आदर्श’ वायूचे आहे, म्हणून खरा हायड्रोजन ते पाळतो का, अशी शंका येते. खोलीच्या तापमानाला आणि वातावरणाच्या दाबाला त्याचा फरक हजारात एखाद्या भागाइतकाही नसतो. ५० मिलिलिटरच्या नळीवर तो दिसणे शक्य नाही. या पद्धतीची खरी मर्यादा वेगळी आहे: वायू पाण्यात विरघळता कामा नये. हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन फार थोडे विरघळतात. कार्बन डायऑक्साइड मात्र २५ अंशांना पाण्याच्या आकारमानाच्या तीन चतुर्थांशाइतका पाण्यात जातो. तो पाण्यावर गोळा केला की कमीच भरतो आणि किती कमी हे पाणी किती वेळ संपर्कात होते यावर बदलते. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड तर पाण्यावर जमतच नाहीत, पाणी त्यांना शोषून घेते. म्हणूनच जोसेफ प्रिस्टलीने हे वायू गोळा करताना पाण्याच्या जागी पारा वापरला. खोलीच्या तापमानाला पाऱ्याचा बाष्पदाब इतका नगण्य असतो की वाफेची वजाबाकीही करावी लागत नाही. पण त्याची वाफ विषारी असते, आणि आज शाळेच्या टेबलावर उघडा पारा कोणी ठेवू नये.

हीच गोष्ट प्रयोगशाळेबाहेर पाहायची तर महाराष्ट्रातल्या खेड्यांत गोबरगॅसच्या टाकीजवळ जावे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने पसरवलेल्या नमुन्यात शेणकाल्याच्या विहिरीवर एक उपडा लोखंडी डबा तरंगत असतो. वायू जमला की डबा वर उचलला जातो, वापरला की खाली बसतो. हेल्सच्या उपड्या भांड्याचेच हे मोठे रूप. इथला वायूही पाण्यावरच साठलेला आहे, तेव्हा तोही वाफेने संपृक्त असणारच.

दिवसाला दोन घनमीटर वायू देणारी घरगुती टाकी घेऊ. डब्याच्या वजनामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा पाण्याच्या सुमारे १० सेंटिमीटर उंचीइतका जास्त असतो, म्हणजे पाऱ्याचे ७ मिलिमीटर. पुण्याच्या उंचीवर एकूण दाब ७१८ धरू. काला ३० अंशांवर असेल तर वाफेचा वाटा ३१.८ मिलिमीटर, साधारण ४.४ टक्के. तेच समीकरण आता वाफेला लावायचे: दाब ३१.८, आकारमान २००० लिटर, तापमान ३०३ केल्विन. उत्तर ३.३६ मोल, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम पाणी. टाकीतून चुलीकडे रोज एवढे पाणी अदृश्य होऊन जाते.

हिवाळ्याच्या पहाटे टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंतची नळी १५ अंशांपर्यंत निवते. १५ अंशांना बाष्पदाब १२.८ मिलिमीटर. आता वायू फक्त २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात सोबत ठेवू शकतो. सगळा वायू त्या थंड नळीतून गेला असे धरले, तर उरलेले ३६ ते ३७ ग्रॅम पाणी नळीच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपात सुटते. महिन्याला ते एक लिटरच्या वर जाते. नळीला कुठे पोक आले असेल तर पाणी तिथे साठते, आणि केवळ १० सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबाने ढकलला जाणारा वायू तेवढ्या अडथळ्यानेही अडतो. चुलीची ज्योत आधी उचक्या देऊ लागते, मग विझते. टाकीत वायू भरपूर असतो, डबा वर आलेला दिसतो, आणि तरी चूल पेटत नाही.

म्हणून गोबरगॅसची नळी टाकताना तिला सगळीकडे सारखा उतार देतात आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवतात. थंडीच्या दिवसांत ती वारंवार उघडावी लागते, उन्हाळ्यात क्वचित, कारण तेव्हा नळी आणि काला यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही.